मोबाइल प्लॅनच्या पत्रकाचा फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिचार्जच्या दुकानात मिळालेलं किंवा पेपरात घालून आलेलं पत्रक मोबाइलवर टिपायचं आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मदत गटात टाकून विचारायचं, "घेऊ का हा?" पुण्याच्या पेठांपासून वाकड-हडपसरपर्यंतची मंडळी हेच करतात, आणि प्रश्नही बहुतेक तेच येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

समजावायला सोपं जावं म्हणून एक नमुना पत्रक आम्हीच तयार केलं आहे. यातले दर आणि आकडे कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत, पण मांडणी अगदी बाजारातल्यासारखी आहे.

समोर, ठळक अक्षरांत: ₹३३० – २८ दिवस – रोज १.५ जीबी* – अनलिमिटेड कॉल – रोज १०० एसएमएस – अनलिमिटेड ५जी#. त्याखाली जरा लहान: ₹२४० – २८ दिवस – एकूण १५ जीबी†.

तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: *रोजचा कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस. #५जी फोन व ५जी क्षेत्र आवश्यक. फक्त वैयक्तिक वापर. २८ दिवसांत ३०० जीबीपर्यंत. †त्यानंतर ५० पैसे प्रति एमबी. फक्त महाराष्ट्र व गोवा सर्कलसाठी.

मागच्या बाजूला: परदेशी रोमिंग पॅक ₹२,९९९, १० दिवस, ५ जीबी, १०० मिनिटं, निवडक देश व नेटवर्क. पॅक नसल्यास डेटा ₹१ प्रति १० केबी, येणारा कॉल ₹७५ प्रति मिनिट.

फोटो पाठवला तरी "नीट दिसत नाही" असं का सांगता?

कारण तुम्ही पाठवता तो ठळक आकड्यांचा फोटो, आणि आम्हाला हवी असते तळाची ओळ. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकाराने लहान केला जातो. ₹३३० तरीही वाचता येतं, पण फुलीशेजारची बारीक ओळ पुसट होते. फोटो पाठवताना एचडी पर्याय निवडा, किंवा जोडणीच्या खुणेवर जाऊन तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे जसाच्या तसा पोचतो.

चकचकीत कागदावर फ्लॅश मारू नका. पत्रक खिडकीजवळ सपाट ठेवा आणि तीन फोटो काढा: पुढची बाजू, मागची बाजू, आणि फक्त तळाच्या अटी जवळून. मागची बाजू जवळजवळ कुणीच पाठवत नाही, आणि रोमिंगचे दर असतात नेमके तिथेच. पत्रकावर पेनाने कुणाचा नंबर लिहिलेला असेल तर तो झाकून घ्या.

सगळं वाचायला वेळ नाही. आधी काय बघू?

प्रत्येक मोठ्या आकड्याला दोन प्रश्न विचारा: हे कशामागे मिळतं, आणि संपल्यावर काय होतं? १.५ जीबी हे रोजचं की महिन्याचं? संपल्यावर वेग कमी होतो की पैसे कापले जातात? फुली, चौकट, कट्यार अशा खुणा असतात त्या याच दुसऱ्या उत्तराकडे नेतात. खूण दिसतेय पण फोटोत तिची तळटीप सापडत नाही, तर फोटो अर्धवट आहे असं समजा.

रोज १.५ जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. मग १५ जीबीचा प्लॅन कोण कशाला घेईल?

४२ हा आकडा गुणाकार म्हणून बरोबर आहे. पण ते ४२ जीबी तुमच्या हातात एकदम येत नाहीत. रोज दीड मिळतो, आणि त्यातला जो वापरला नाही तो मध्यरात्री जातो. उरलेला डेटा पुढे नेता येतो असं पत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच तो साठतो.

कोथरूडच्या एका काकूंचं उदाहरण घेऊ. त्यांच्या घरी वायफाय आहे. सोमवार ते शनिवार मोबाइल डेटा लागतो तो भाजी आणायला किंवा बँकेत गेल्यावर, दिवसाला साधारण ०.२ जीबी. रविवारी त्या हडपसरला बहिणीकडे जातात. तिथे वायफाय नाही, आणि दोघी मिळून आठवड्याच्या राहिलेल्या मालिका बघतात. त्या एका दिवसाची गरज अडीच जीबीची.

₹३३० चा प्लॅन घेतला तर २८ दिवसांपैकी २४ दिवस ०.२ प्रमाणे ४.८ जीबी वापरले जातात. चार रविवारी दीड-दीड मिळून सहा. एकूण १०.८. म्हणजे ४२ पैकी ३१ जीबी वाया, आणि तरीही दर रविवारी संध्याकाळी मालिका अडकते ती अडकतेच! डेटा कमी नाही, त्याची वाटणी काकूंच्या आठवड्याशी जुळत नाही एवढंच.

₹२४० च्या प्लॅनमध्ये १५ जीबी केव्हाही वापरता येतात. काकूंची खरी गरज ४.८ अधिक चार रविवारचे १०, म्हणजे १४.८ जीबी. बसतं, आणि ₹९० वाचतात. पण फक्त ०.२ जीबी हाताशी राहतात, आणि इथे † ही खूण महत्त्वाची ठरते. या प्लॅनमध्ये डेटा संपल्यावर वेग कमी होत नाही, शिलकीतून ५० पैसे प्रति एमबी कापले जातात. एक जीबी म्हणजे १,०२४ एमबी, म्हणजे ₹५१२. एका रविवारी मालिका जरा जास्त बघितली तर वाचलेले नव्वद रुपये पाच पटींनी परत जातात.

म्हणून काकूंना आम्ही १५ जीबीचाच प्लॅन सुचवला, पण दोन गोष्टी करून. मालिकेच्या ॲपमध्ये चित्राचा दर्जा ४८०पी केला. त्याला तासाला साधारण अर्ध्या जीबीच्या आसपास लागतो, वरच्या दर्जाला याच्या दुप्पट-तिप्पट. आणि फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराची मर्यादा १४.५ जीबीवर लावली, म्हणजे तिथे पोचल्यावर फोन स्वतःच डेटा बंद करतो.

तुमच्या घरी वायफाय नसेल आणि वापर रोज सारखाच असेल तर उलट सल्ला लागू: रोजच्या कोट्याचा प्लॅन घ्या.

रात्री साडेअकराला रिचार्ज केलं. पहिला दिवस दुसऱ्या दिवशी साडेअकराला संपेल ना?

सहसा नाही. रोजचा कोटा घड्याळाच्या दिवसाप्रमाणे, रात्री बाराला नव्याने मोजला जातो. तुम्हाला पहिल्या दिवसाचा दीड जीबी वापरायला अर्धा तास मिळाला. घाई नसेल तर सकाळी रिचार्ज करा.

६४ केबीपीएस म्हणजे नक्की किती हळू? नेट "अनलिमिटेड" आहे म्हणतात.

आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून थोडं जास्त. मोबाइलवर काढलेला ३ एमबीचा फोटो यायला साडेसहा मिनिटं, तेही सगळं सुरळीत असेल तर. व्हॉट्सॲपवरचा मजकूर जातो-येतो. यूपीआयने पैसे देणं कधी जमतं, कधी चाक फिरत राहतं, आणि मागे रांग असते. व्हिडिओ विसरा.

म्हणजे नेट बंद झालं नाही, हे खरं. पण रिक्षा बोलवायला किंवा नकाशा बघायला त्याच्या भरवशावर बाहेर पडू नका. अशा वेळी लहान डेटा पॅक घेता येतो, पण त्याचीही वैधता बघा. काही पॅक त्याच मध्यरात्री संपतात, काही मूळ प्लॅनइतके चालतात. आणि मूळ प्लॅन संपलेला असेल तर नुसता डेटा पॅक बहुधा चालत नाही.

२८ दिवस म्हणजे महिनाच की?

नाही, आणि फरक वर्षाच्या हिशेबात दिसतो. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४ दिवस. वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. ₹३३० चे बारा झाले तर ₹३,९६०. तेरा झाले तर ₹४,२९०.

या तक्रारी इतक्या झाल्या की २०२२ च्या जानेवारीत ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने कंपन्यांना सांगितलं: निदान एक प्लॅन, एक विशेष व्हाउचर आणि एक कॉम्बो व्हाउचर ३० दिवसांचं ठेवा, आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारेही ठेवा. असे प्लॅन असतात. पण ठळक जागेवर २८ चेच छापलेले दिसतात, त्यामुळे दुकानात नाव घेऊन मागावे लागतात.

दोन प्लॅनची तुलना करताना किमतीला दिवसांनी भागा. ₹३३० भागिले २८ म्हणजे दिवसाला ₹११.७९. शेजारी ८४ दिवसांचा ₹८४० चा असेल तर दिवसाला ₹१०. दर दिवसाचा काढल्याशिवाय कोणता स्वस्त ते नुसत्या नजरेने कळत नाही. अर्थात ८४ दिवसांचे पैसे आधी द्यावे लागतात, आणि मध्ये गावाला जाऊन नेटवर्क मिळालं नाही तर तो प्लॅन अडकून पडतो.

शेवटची तारीख कशी मोजायची?

रिचार्जचा दिवस बहुधा पहिला धरतात. ५ मार्चला २८ दिवसांचं रिचार्ज केलं तर अठ्ठाविसावा दिवस १ एप्रिल. २ एप्रिलला नवं हवं. आधीचा प्लॅन चालू असताना नवं रिचार्ज केलं तर काही प्लॅन रांगेत थांबतात आणि काही लगेच सुरू होऊन जुन्याचे उरलेले दिवस खातात. दुकानात पैसे देण्यापूर्वी हे एवढं एकच विचारा. रिचार्जनंतर येणाऱ्या एसएमएसमध्ये शेवटची तारीख असते. पत्रकापेक्षा तो एसएमएस प्रमाण माना आणि जपून ठेवा.

वैधता संपली की माझा नंबर दुसऱ्याला जातो का?

लगेच नाही. आधी जाणारे कॉल थांबतात, काही दिवसांनी येणारेही. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे ९० दिवस काहीच वापर झाला नाही तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो, आणि त्या वेळी शिल्लक ₹२० किंवा जास्त असेल तर ₹२० कापून आणखी ३० दिवस मिळतात. पण बँकेचा ओटीपी याच नंबरवर येत असेल तर एवढ्या टोकाला जाऊ देऊ नका.

मी फक्त बोलतो, नेट लागत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवणं बंधनकारक केलं. विशेष आणि कॉम्बो व्हाउचरची कमाल वैधताही तेव्हाच ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. साध्या फोनवाल्या आजोबांसाठी हेच विचारा. पत्रकात नसलं तरी असतं.

"अनलिमिटेड ५जी" लिहिलंय, मग दीड जीबी कशाला मोजायचा?

कारण फोन ५जीवर असतो तोपर्यंतच तो वेगळा धरला जातो. फोन ४जीवर आला की वापर दीड जीबीतून जातो. आणि तो येतो: तळघरातल्या पार्किंगमध्ये, जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात, घाटात. एकाच सोसायटीत गॅलरीत ५जी आणि आतल्या खोलीत ४जी असं सर्रास होतं. फोनच्या वरच्या पट्टीत त्या क्षणी ४जी दिसतंय की ५जी, तेवढं बघत जा. दुपारीच "कोटा संपला" असा मेसेज आला तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

# ची उरलेली टीप म्हणजे वाजवी वापराची अट. आपल्या नमुन्यात २८ दिवसांत ३०० जीबी, म्हणजे दिवसाला जवळजवळ ११ जीबी. एका माणसाला हे पुरून उरतं. पण हॉटस्पॉट लावून घरातले दोन लॅपटॉप आणि टीव्ही त्यावर चालवलात तर मर्यादा गाठता येते. "फक्त वैयक्तिक वापर" याचा अर्थ या सिमवर दुकानातला किंवा मेसमधला वायफाय चालवू नका. कंपनीला तसा वापर दिसला तर ती सवलत थांबवू शकते, आणि मग वाद घालायला पत्रकातली ही ओळ तुमच्या विरुद्ध उभी असते.

पत्रक पुण्यातलं आहे, नंबर मुंबईचा. चालेल?

तपासल्याशिवाय नको. दूरसंचारच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे. त्यात नवी मुंबई आणि कल्याणचा भागही येतो. पुणे महाराष्ट्र व गोवा सर्कलमध्ये. नोकरीसाठी इकडे आलेल्यांकडे बहुधा मुंबईचा नंबर तसाच असतो, आणि त्याच रकमेत तिथे वेगळे फायदे असू शकतात. ॲपमध्ये स्वतःचा नंबर टाकून जे प्लॅन दिसतील तेच तुमचे.

देशात फिरताना रोमिंगचे पैसे लागतात का?

आजच्या अनलिमिटेड कॉलच्या प्लॅनमध्ये भारतभर रोमिंग धरलेलं असतं. इंदूर काय नि चेन्नई काय, दर तोच. फक्त शिलकीवर चालणाऱ्या साध्या प्लॅनला मात्र दर लागतात. ट्रायने १ मे २०१५ पासून त्यांची कमाल मर्यादा ठरवली: येणारा कॉल मिनिटाला ४५ पैसे, जाणारा स्थानिक ८० पैसे, बाहेरगावचा ₹१.१५. पत्रकावर "४५ पैसे" दिसले तर घाबरू नका, ते या साध्या प्लॅनसाठी आहे.

एक मोठा अपवाद आहे, आणि तो पत्रकावर क्वचितच छापतात. इतर राज्यांचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. वैष्णोदेवीच्या सहलीला निघालेल्या गटात निदान एक-दोघांकडे पोस्टपेड असू द्या, किंवा तिथे पोचून स्थानिक सिम घ्या.

आम्ही दोघं दुबईला मुलाकडे चाललोय, आठ दिवसांसाठी. मागच्या बाजूचा पॅक घ्यायचा का?

आधी तो नसेल तर काय, ते बघा. ₹१ प्रति १० केबी हे वाचायला किरकोळ वाटतं. फोनने रात्री आपोआप ४० एमबीचे फोटो वर चढवले तर ते ४,०९६ वेळा १० केबी होतात. ₹४,०९६! तुम्ही झोपलेले असताना. प्रीपेडमध्ये निदान शिल्लक संपली की थांबतं. पोस्टपेडमध्ये बिलात येतं. कॉलचंही तसंच. परदेशात आलेला कॉल उचलला तरी मिनिटाला ₹७५, मग तो कर्ज विकणाऱ्याचा का असेना.

मुलाच्या घरी वायफाय आहे, त्यामुळे दोघांनी दोन पॅक घ्यायची गरज नाही. एकाने ₹२,९९९ चा घ्यावा. दुसऱ्याने डेटा रोमिंग बंद ठेवून फोन फक्त ओटीपीसाठी चालू ठेवावा. येणारा एसएमएस बहुधा फुकट असतो, पण परदेशी रोमिंगची सुविधा त्या सिमवर आधी चालू करून घ्यावी लागते. ते पुण्यातच करा. यूएईत व्हॉट्सॲपवरून बोलण्याचे कॉल सहसा लागत नाहीत, म्हणून पॅकमधली १०० मिनिटं खरंच उपयोगाची.

मग "१० दिवस" कधीपासून, ते शोधा. पॅक विकत घेतल्यापासून मोजणार असतील तर निघायच्या दिवशी घ्या. परदेशी नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून असतील तर आधी घेऊन ठेवला तरी चालेल. "निवडक नेटवर्क" याचाही अर्थ आहे: फोनने यादीबाहेरचं नेटवर्क आपोआप पकडलं तर पॅक असूनही पॅकशिवायचा दर लागू शकतो. सेटिंगमध्ये नेटवर्कची आपोआप निवड बंद करून यादीतलं निवडा. फोनमध्ये दोन सिम असतील तर डेटा रोमिंग फक्त पॅकवाल्या सिमवर चालू ठेवा. विमानातल्या नेटवर्कचा दर वेगळा असतो. बसल्यावर फ्लाइट मोड, म्हणजे प्रश्न मिटला.

दुकानदार म्हणाला एक, पत्रकात दुसरं, आणि पैसे कापले गेले तिसरेच. आता?

पत्रकाचा फोटो, रिचार्जचा एसएमएस आणि कापलेल्या शिलकीचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा. मग कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तक्रार करून डॉकेट नंबर घ्या; तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. यासाठी फी नाही. थेट ट्रायला पत्र लिहून उपयोग होत नाही, ती एकेका ग्राहकाची तक्रार हाताळत नाही.

न मागता एखादी सेवा चालू होऊन पैसे जात असतील तर १५५२२३ वर फोन करून ती बंद करता येते. मोबाइल डेटाच चालू-बंद करायचा असेल तर १९२५.

पत्रक मागच्या दिवाळीचं आहे. अजून चालेल?

किंमत बदललेली असण्याची शक्यता मोठी. कोपऱ्यात छापलेली तारीख किंवा "ऑफर अमुक तारखेपर्यंत" ही ओळ शोधा. दोन्ही नसतील तर कागद बाजूला ठेवून ॲपमध्ये त्याच रकमेचा प्लॅन उघडा आणि खालच्या अटी तिथेच वाचा. स्क्रीनवर निदान बोटांनी अक्षर मोठं करता येतं.